शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया: एका मितीवरचे भाष्य

शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा नियम शाळेपासून सगळ्यांना पाठ असतो. नियम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्याचा अपुरेपणा दाखवायला शिवछत्रपतींच्या जन्माच्या मितीइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. जेधे शकावलीत ती शके १५५१ म्हणून नोंदलेली आहे. १५५१ आणि ७८ मिळून १६२९ होतात. तरीही आपण साजरी करतो ती तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे. म्हणजे एक वर्ष कुठून तरी जास्तीचे आले. ते कुठून आले, हे त्या मितीचा एकेक घटक घेऊन पाहायचे आहे. सोयीसाठी मिती सहा ओळींत मांडतो. पहिल्या पाच ओळी नोंदीतल्या आहेत, सहावी नंतरच्या अभ्यासकांनी केलेले रूपांतर आहे.

१. शके १५५१
२. शुक्ल संवत्सर
३. फाल्गुन
४. वद्य तृतीया
५. शुक्रवार
६. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०

१. शके १५५१

हा आकडा वर्षाचे नाव सांगतो. ते वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला सुरू होते आणि फाल्गुन अमावास्येला संपते. इसवी सनाचे वर्ष १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत असते. शके १५५१ सुरू झाले ते १६२९च्या वसंतात. १५५१ + ७८ या बेरजेचे उत्तर एवढेच सांगते की हे शकवर्ष कोणत्या इसवी सनात सुरू झाले. ते वर्ष संपले कुठे, याबद्दल ती बेरीज काहीच सांगत नाही. प्रत्येक शकवर्ष दोन इसवी सनांवर पसरलेले असते. त्याचे साधारण नऊ महिने पहिल्या सनात आणि उरलेले तीन दुसऱ्या सनात जातात.

असा ठरीव फरक मुळात टिकतो कसा, हेही पाहायला हवे. आपले महिने चांद्र आहेत आणि बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे भरते. सौर वर्षापेक्षा ते अकरा दिवसांनी तोकडे पडते. ही तूट साठत गेली की अधिक मास येतो आणि पाडवा पुन्हा वसंतात आणून बसवतो. म्हणून शक आणि इसवी सन यांच्यातले अंतर सोळाशे साली होते तेच आजही आहे. हिजरी सनात अधिक मास नाही. तिथे दर तेहतीस वर्षांमागे एक वर्ष जास्तीचे मोजले जाते, त्यामुळे हिजरीतून इसवी सनात जायला एकच संख्या कायमची चालत नाही. मराठी दफ्तरात शक आणि हिजरी दोन्ही भेटतात. एकाची सवय दुसऱ्याला लावली की मोठा घोळ होतो.

पाडवा मात्र एका तारखेला खिळलेला नसतो. हल्ली तो मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कुठेही येतो. शिवाय पंचांगाचे पारंपरिक वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे आहे, त्यामुळे साठेक वर्षांत पाडवा सरासरीने एक दिवस पुढे सरकतो. पण तो सरकत सरकत १ जानेवारी ओलांडायला हजारो वर्षे लागतील. तोवर ७८ या आकड्याला धोका नाही.

या ओळीत आणखी एक खाच आहे. शकाचा आकडा गत वर्षांचा असू शकतो किंवा वर्तमान वर्षाचा. महाराष्ट्रात जो आकडा लिहितात तो गत वर्षांचा आहे. शके १५५१ म्हणजे १५५१ वर्षे पूर्ण झाली आणि त्यापुढचे वर्ष चालू आहे. चालू वर्षाचाच आकडा लिहिण्याची रीत असेल तर याच वर्षाला १५५२ म्हणतील आणि मग मिळवायचे ७७. जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत दोन्ही पद्धती भेटतात, जरी गत वर्षे जास्त असली तरी. नुसत्या आकड्याकडे पाहून पद्धत ओळखता येत नाही. ती ओळखण्याचे पहिले साधन पुढच्या ओळीत आहे.

२. शुक्ल संवत्सर

प्रभव, विभव, शुक्ल अशा क्रमाने साठ संवत्सरांची माळ आहे. ती संपली की पुन्हा प्रभवापासून सुरू होते. नर्मदेच्या दक्षिणेला चालणाऱ्या पद्धतीत ही नावे शकवर्षाशी घट्ट बांधलेली आहेत. गत शकात १२ मिळवावे, ६० ने भागावे आणि बाकी उरेल त्या क्रमांकाचे संवत्सर घ्यावे. बाकी शून्य उरली तर साठावे, क्षय. १५५१ मध्ये १२ मिळवले की १५६३. त्याला साठाने भागल्यावर बाकी ३ उरते, आणि तिसरे संवत्सर शुक्ल आहे. नाव आणि आकडा जुळले.

या जुळण्याने दोन गोष्टी सिद्ध होतात. एक म्हणजे नक्कल करताना आकडा बिघडलेला नाही. दुसरी म्हणजे आकडा गत वर्षांचा आहे. तो वर्तमान वर्षाचा असता तर त्याचे संवत्सर विभव आले असते. शिवकालातल्या इतर मित्यांवरही हीच कसोटी लावून पाहता येते. राज्याभिषेकाचे शके १५९६ या हिशेबाने अठ्ठेचाळिसावे, म्हणजे आनंद संवत्सर येते. महाराजांच्या निधनाचे शके १६०२ चोपन्नावे, म्हणजे रौद्र येते. नोंदींतही हीच नावे आहेत. उत्तर हिंदुस्थानात मात्र ही कसोटी जशीच्या तशी लावू नये. तिकडची संवत्सरे गुरूच्या गतीवर मोजतात, त्यामुळे त्यांचा क्रम आपल्यापेक्षा पुढे गेलेला असतो.

पण या कसोटीची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली, त्याआधी बखरींच्या आधाराने जन्मवर्ष शके १५४९ मानले जात होते. मिती वैशाख शुद्धातली आणि संवत्सर प्रभव. १५४९ मध्ये १२ मिळवून साठाने भागले तर बाकी १ उरते, आणि पहिले संवत्सर प्रभवच आहे. म्हणजे ती मितीही आतून सुसंगत होती. संवत्सर जुळले याचा अर्थ लिहिणाऱ्याला आकडा आणि नाव यांची सांगड ठाऊक होती, एवढाच. घटना त्या वर्षी घडली की नाही, ते समकालीन कागदांवरून ठरवावे लागते.

याच दोन मित्यांत एक गंमत दडलेली आहे. शकाने मोजले तर १५४९ आणि १५५१ यांत दोन वर्षांचे अंतर आहे. इसवी सनाने मोजले तर १६२७ आणि १६३० यांत तीन वर्षांचे. एकाच कालखंडाची ही दोन मापे. खरे अंतर दोन वर्षे आणि दहा महिन्यांच्या आसपास आहे. शकाची वजाबाकी ते कमी दाखवते आणि सनाची वजाबाकी जास्त. वयाचे हिशेब करताना नुसत्या सालांच्या वजाबाकीवर विसंबू नये, हे इथून शिकावे.

३. फाल्गुन

साऱ्या मितीत निर्णायक शब्द हा आहे. फाल्गुन शकवर्षाचा शेवटचा महिना. तो येईपर्यंत इसवी सन बदलून गेलेला असतो. म्हणून फाल्गुनातल्या मितीला ७८ ऐवजी ७९ मिळवायचे. १५५१ + ७९ = १६३०. सुरुवातीला जास्तीचे वाटलेले वर्ष ते हेच.

नियम आता असा होतो: चैत्रापासून कार्तिकापर्यंत ७८, माघ आणि फाल्गुनात ७९, आणि मधले मार्गशीर्ष व पौष तपासून घ्यायचे. तपासून म्हणजे कसे, ते पौषाच्या दोन मित्यांवरून पाहू.

पहिली मिती सुरतेच्या पहिल्या लुटीची. वर्ष शके १५८५, महिना पौष. त्या वर्षीचा पौष १६६३च्या डिसेंबरात, विसाव्या तारखेच्या आसपास सुरू झाला. त्याचे पहिले दहा-बारा दिवस १६६३ मध्ये पडले आणि उरलेले १६६४ मध्ये. सुरतेवरची स्वारी जानेवारीतली, तेव्हा पौष वद्य पक्ष चालू होता. म्हणून तिला ७९ मिळवायचे आणि साल १६६४ येते. पण त्याच पौषाच्या शुद्ध पंचमीचे एखादे पत्र हाती आले तर त्याला ७८च मिळवावे लागतील. एकाच शकातला एकच महिना, पण संख्या दोन.

दुसरी मिती पानिपतची: शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. त्या वर्षी मार्गशीर्ष अमावास्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडली. त्यामुळे पौष सगळाच्या सगळा १७६१ मध्ये आला. ७९ मिळवले की १७६१, आणि दिवस १४ जानेवारी. ७८ मिळवणाऱ्याच्या हिशेबात पानिपत १७६० मध्ये जाऊन पडेल. इथे मार्गशीर्षच दोन सनांत विभागला गेला होता.

अशी फूट आजही पडते. १ जानेवारी २०२४ रोजी शके १९४५चा मार्गशीर्ष वद्य पक्ष चालू होता. त्यानंतरच्या वर्षी, १ जानेवारी २०२५ रोजी, शके १९४६चा पौष शुद्ध पक्ष लागलेला होता. म्हणून मार्गशीर्ष किंवा पौष दिसला की बेरीज थांबवावी आणि त्या वर्षीची अमावास्या इंग्रजी तारखेने कधी होती ते जंत्रीत पाहावे. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांनी १८९६ मध्ये छापलेल्या कोष्टकांपासून हे काम सोपे झाले आहे. पाडवा कोणत्या तारखेला आणि अधिक मास कोणता, हे तिथे वर्षवार मिळते.

वर्ष बदलण्याचा क्षण किती धारदार असतो, ते संभाजी महाराजांच्या मृत्यूच्या मितीवरून दिसते. शके १६१०ची फाल्गुन अमावास्या म्हणजे ११ मार्च १६८९. तो शकवर्षाचा शेवटचा दिवस होता. त्याला ७९ मिळवायचे. दुसऱ्या दिवशी पाडवा, शके १६११ लागले आणि संख्या ७८ झाली. इसवी सनाच्या बाजूला काहीच बदलले नव्हते, मार्च चालूच होता. उलटे रूपांतर करताना चूक होते ती इथेच. सनातून शक काढायचा तर १ जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९ वजा करावेत आणि पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८. मार्च किंवा एप्रिल महिन्याची तारीख असेल तर त्या वर्षीचा पाडवा पाहिल्याशिवाय वजाबाकी करू नये.

४. वद्य तृतीया

वर्ष ठरल्यावर दिवस ठरवायचा. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. आधी शुद्ध पक्ष, मग वद्य. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिथे वद्य पक्ष आधी येतो. शुद्ध पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच असते, पण वद्य पक्षाचे नाव उत्तरेत एक महिना पुढचे असते. आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडची चैत्र कृष्ण तृतीया. होळीनंतरचा तिसरा दिवस दोघांचाही एकच, नाव मात्र वेगळे.

उत्तरेच्या पद्धतीने छापलेले कोष्टक हाती धरून कोणी ही मिती काढू लागला तर त्याला फाल्गुन कृष्ण तृतीया एक महिना आधी, जानेवारीत सापडेल. साल १६३०च राहील, तारीख मात्र साफ चुकेल. पौषाच्या आसपास अशीच गफलत झाली तर सालही बदलेल, कारण तिथे एका महिन्याच्या फरकाने ३१ डिसेंबर ओलांडला जातो.

सूर्योदयाला जी तिथी असते तिच्या नावाने सारा दिवस ओळखला जातो. तिथीची लांबी कमीजास्त असते. म्हणून हाताने ढोबळ गणित करणाऱ्याला एका दिवसाचा फरक पडू शकतो. अशा वेळी नेमका दिवस पुढची ओळ ठरवते.

५. शुक्रवार

शक, संवत्सर, मास आणि तिथी ही सगळी एकाच पंचांगाची अंगे आहेत. वार तसा नाही. सात दिवसांचे चक्र पंचांगातही तेच आणि युरोपातल्या कॅलेंडरातही तेच. दोन्हीकडे ते अखंड चालत आलेले आहे. म्हणून वार हा दोन कालगणनांमधला स्वतंत्र साक्षीदार ठरतो. काढलेली तारीख शुक्रवारी येत नसेल तर रूपांतरात कुठेतरी चूक आहे.

तपासून पाहू. आजचे ग्रेगोरियन कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारांसकट जसेच्या तसे परत येते, कारण ४०० वर्षांचे दिवस साताने पूर्ण भागले जातात. १६३०चे ग्रेगोरियन कॅलेंडर म्हणजे २०३०चेच. मोबाइलमध्ये २०३० उघडून १९ फेब्रुवारी पाहिली तर मंगळवार दिसेल. नोंदीत शुक्रवार आहे, मग बिघडले कुठे? बिघाड नोंदीत नाही. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची आहे. सतराव्या शतकात दोन कॅलेंडरांत दहा दिवसांचे अंतर होते. ज्युलियन १९ फेब्रुवारी म्हणजे ग्रेगोरियन १ मार्च. २०३०च्या कॅलेंडरात १ मार्च पाहा. तो शुक्रवार आहे.

आता ७८ मिळवून चुकलेल्याची तारीखही याच कसोटीवर लावू. १९ फेब्रुवारी १६२९ ज्युलियन रोजी गुरुवार होता. त्या दिवशी शके १५५०चा फाल्गुन चालू होता आणि पक्ष शुद्ध होता, तिथी सप्तमीच्या आसपास. वार चुकला, पक्ष चुकला आणि शकही चुकला. वर्षाची चूक केली तर ती अशी तीन ठिकाणी उघडी पडते. पण त्यासाठी मितीत वार आणि तिथी लिहिलेले असले पाहिजेत. नुसते साल लिहिलेल्या कागदावर हीच चूक निवांत लपून राहते.

वाराच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, कॅलेंडरचा मध्यरात्री. शकावलीत राज्याभिषेकाची मिती ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी आहे, आणि महाराज सिंहासनावर बसले ते तीन घटका रात्र उरली असताना. एक घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा ही वेळ सूर्योदयाआधी सव्वा तासाच्या आतबाहेर येते. पंचांगाप्रमाणे अजून शुक्रवारच चालू होता. कॅलेंडरप्रमाणे मध्यरात्र उलटून शनिवार लागलेला होता, ६ जून १६७४. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. पहाटेच्या घटनेत वार एकाने चुकलेला दिसला म्हणून लगेच नोंद खोटी ठरवू नये. आधी वेळ पाहावी.

६. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०

रूपांतराची ही ओळ वाचताना विचारायला हवे की ही तारीख कोणाच्या कॅलेंडरची आहे. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर एकाच दिवसाला वेगवेगळ्या प्रकारे तारीख घातली जात होती. पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगोरियन सुधारणा स्वीकारली होती. म्हणून गोव्यातला पोर्तुगीज लेखक हा दिवस १ मार्च १६३० असा लिहील. इतिहासाच्या पुस्तकांत प्रचलित असलेली तारीख ज्युलियन आहे: १९ फेब्रुवारी १६३०. सुरतेच्या वखारीतला इंग्रज दिवस १९ फेब्रुवारीच लिहील, पण साल १६२९ घालील, किंवा शंका नको म्हणून १६२९/३० अशी जोडी. कारण इंग्रजांचे कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होत असे. १ जानेवारीला वर्ष सुरू करण्याची पद्धत इंग्लंडने १७५२ पासून घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अकरा दिवस गाळून ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारले.

इथे ७८चे खरे स्वरूप स्पष्ट होते. जुन्या इंग्रजी पत्रातले १६२९ हे साल शके १५५१ अधिक ७८ एवढेच आहे. आपण चूक म्हणून बाजूला ठेवलेला आकडा इंग्रजांच्या तत्कालीन पद्धतीत बरोबर ठरतो. संभाजी महाराजांच्या मृत्यूची मितीही तशीच: १६१० आणि ७८ मिळून १६८८, आणि त्या काळचा इंग्रज मार्चमधल्या त्या दिवसाला १६८८च म्हणेल. दोन वर्षे एकाच ऋतूत सुरू होत असतील तर एकच ठरीव संख्या जवळजवळ वर्षभर पुरते. दुसरी संख्या लागते ती वर्षारंभ दूर गेल्यामुळे. जवळजवळ म्हणण्याचे कारण पाडवा आणि २५ मार्च एकाच दिवशी नसत. शके १५५२चा पाडवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला, तेव्हा पाडव्यापासून २४ मार्चपर्यंत ७८ मिळवून १६३० येतात आणि इंग्रजी पत्रावर अजून १६२९च असते.

म्हणून १७५२ पूर्वीचे इंग्रजी पत्र जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चमधले असेल तर त्याचे साल आधी आजच्या पद्धतीत आणावे आणि मगच शकाशी ताडून पाहावे. सुरतेच्या लुटीची इंग्रजी पत्रे या फेऱ्यात अडकतात. जानेवारीतल्या त्या घटनेला तिथे १६६३ साल पडलेले असू शकते, आणि शके १५८५ मध्ये ७८ मिळवूनही १६६३च येते. दोन साक्षी जुळल्या म्हणून अभ्यासक खूश होतो आणि लूट एक वर्ष मागे ढकलतो. खरे तर दोन्ही आकडे १ जानेवारीचा बदल न मोजणारे आहेत, म्हणून ते एकमेकांशी जुळतात. १७५२ नंतर ही अडचण उरत नाही. पानिपतची १४ जानेवारी १७६१ ही तारीख त्यामुळे कॅलेंडर न बदलता सरळ आजच्या हिशेबात ताडता येते.

वर्षारंभ पक्का केला की ७८ कसा सरळ वागतो, याचा आधुनिक पुरावा आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून ती २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. तो दिवस १ चैत्र १८७९ ठरला. तिचे महिने सौर आहेत. वर्ष दरवेळी २२ मार्चला सुरू होते आणि इसवी सनाचे लीप वर्ष असेल तेव्हा २१ मार्चला. तिथे पाडवा शोधावा लागत नाही. १ जानेवारी नेहमी ११ पौषाला येते, म्हणून १० पौषापर्यंत ७८ आणि त्यापुढे ७९. पण या दिनदर्शिकेचा शक आणि पंचांगाचा शक यांचा आकडा सारखा असला तरी वर्षारंभ वेगळा आहे, हे विसरू नये. २०२५ मध्ये राष्ट्रीय दिनदर्शिकेचे १९४७ हे वर्ष २२ मार्चला लागले आणि पंचांगाचे शके १९४७ पाडव्याला, ३० मार्चला. मधले आठ दिवस सरकारी शक एक पुढे होता.

आता सहाही ओळी एकत्र वाचाव्यात. पहिल्या ओळीने १६२९-३० ही जोडी दिली. दुसरीने आकडा शाबूत आणि गत वर्षांचा असल्याचे सांगितले. तिसरीने जोडीतून १६३० निवडले. चौथीने दिवस जवळपास नक्की केला, पाचवीने तो पक्का केला आणि तारीख ज्युलियन असल्याचे उघड केले. सहावीचे काम लिहिणाऱ्याचे आहे: आपण कोणते कॅलेंडर वापरतो आहोत ते त्याने सांगून टाकावे.

सगळ्याच कागदांवर सहा ओळी नसतात. मंदिराच्या पायरीवर, विहिरीच्या थारोळ्यावर किंवा पोथीच्या शेवटी पुष्कळदा नुसता शक कोरलेला किंवा लिहिलेला असतो. तिथे ७८ मिळवून एकच साल छापले जाते, आणि पुढचा अभ्यासक ते साल प्रमाण मानून दुसरी घटना त्याच्या आधी की नंतर याचा वाद घालतो. महिना माहीत नसेल तर शके १५५१चे रूपांतर १६२९-३० असेच लिहावे. पुढे त्याच लेखाचा झिजलेला भाग वाचला गेला आणि तिथे ‘माघ’ निघाला, तर जोडीतले दुसरे साल ठेवून पहिले खोडायचे, एवढेच काम उरते.